मराठी-इंग्रजी गाणं लिहिताय? या चुका टाळा

नवे गीतकार ओळी दाखवतात तेव्हा मी आधी एकच बघतो: इंग्रजी शब्दाचा जोर कुठे पडतोय. मराठीत आघात सौम्य असतो, त्यामुळे चालीत शब्द थोडा इकडेतिकडे सरकला तरी खपतो. इंग्रजीत खपत नाही. ‘टुनाइट’चा सगळा जोर ‘नाइट’वर आहे, ‘टु’ नुसता घाईत उच्चारायचा.

हे मी रेकॉर्डिंगमध्येच शिकलो. एसटी स्टँडवर वाट बघणाऱ्या साताऱ्याच्या मुलीचं गाणं होतं, केरव्यात. ओळ होती, ‘टुनाइट ये ना, बोलू जरा’. ‘टु’ नेमका समेवर आला आणि गायिका दर टेकला ‘टूऽऽनाइट’ म्हणू लागली. चूक तिची नव्हती, सम तिला तिथेच थांबवत होती. मग ‘टु’ समेच्या आधी उचलून ‘नाइट’ समेवर आणला. तालाचा प्रश्न सुटला, तरी ओळ खोटीच वाटत होती. कारण उशिरा कळलं: ती मुलगी बोलताना ‘टुनाइट’ म्हणणारच नाही, ‘आज रात्री’ म्हणेल. इंग्रजी तिच्या तोंडी आहे, पण ते फोन, मेसेज, चार्जिंगचं. शेवटी ओळ झाली, ‘चार्जिंग संपलं, बोलणं राहिलं’. ‘चार’वर जोर, ‘चार’च समेवर. दुसऱ्याच टेकला ओके.

तेव्हापासून चाल ऐकण्याआधी मी ओळ त्या पात्राच्या आवाजात नुसती बोलून बघतो. दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसलेले लोक यमक अडलं की ‘बेबी’ टाकून मोकळे होतात. मला तो आळस वाटतो.

दुसरी चूक वाक्याच्या सांध्याची. इंग्रजी शब्द मराठीत सहज मुरतो, कारण प्रत्यय आणि क्रियापद आपलं असतं: ‘फोनवर’, ‘ट्रेनमध्ये’, ‘मिस करते’. ‘आय मिस यू’ असं अख्खं वाक्यही चालतं, माणसं तसं बोलतात. ‘माय मन तुझ्यामागे’ मात्र कोणी बोलत नाही. सर्वनाम आणि प्रत्यय मराठीतच ठेवा.

लिंग एकदा ठरवा. पहिल्या कडव्यात ‘तुझी स्माईल’ असेल तर तिसऱ्यात ‘तुझं स्माईल’ नको.

यमक आपल्या उच्चारावर जुळवा. ‘लाईट’ आणि ‘वाईट’ जुळतात. ‘हार्ट’ आणि ‘वाट’ जुळत नाहीत, कारण आपण तो ‘र’ स्पष्ट म्हणतो.

आणि गायकाला कागद देवनागरीत द्या, इंग्रजी शब्दांसकट. रोमन लिपीत tonight वाचताना डोळा पुढे सरकतो. ‘टुनाइट’ लिहिताना हात ‘टु’वर थांबतो आणि तिथे सम येतेय का, हे तेव्हाच दिसतं. जोराच्या अक्षराखाली मी पेन्सिलने रेघ मारतो.