रोबोटला वळवण्याआधी: कार्डिनल स्प्लाइन आणि टेन्शनची तयारी

कार्डिनल स्प्लाइन म्हणजे दिलेल्या बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र, आणि तो किती फुगवायचा की ताणायचा हे ठरवणारा आकडा म्हणजे टेन्शन. सगळ्यात आधी आपली लायब्ररी टेन्शन कशाला म्हणते ते बघून घ्या. D3 या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ० म्हणजे कॅटमुल-रॉम हा गोलसर वक्र आणि १ म्हणजे सरळ रेषा. .NET च्या `DrawCurve` मध्ये मात्र ० म्हणजे सरळ रेषा, आणि ०.५ ला कॅटमुल-रॉम मिळतो. एकीकडचा आकडा दुसरीकडे चिकटवला की वाट भलतीच होते. इथे मी D3 ची पद्धत धरली आहे. c म्हणजे टेन्शन आणि P म्हणजे बिंदू. प्रत्येक बिंदूपाशी वाटेची दिशा आणि ओढ सांगणारा टँजंट m असा काढायचा:

```
m[i] = (1 - c) / 2 * (P[i+1] - P[i-1])
```

आता बिंदू कागदावर मांडा. समजा, दोन रॅकच्या मधून जाऊन रोबोटला परत फिरायचं आहे. बिंदू मीटरमध्ये (0,0), (3,0), (3,1), (0,1). पहिल्या बिंदूला मागचा शेजारी नाही, म्हणून दुसऱ्याचं प्रतिबिंब घेऊन (-3,0) हा खोटा बिंदू जोडा. शेवटी तसाच (-3,1).

मग दोन मापं टेपने घ्या: भिंत कुठे आहे आणि रोबोट किती लहान त्रिज्येत वळतो. ही दोन्ही हाताशी नसतील तर टेन्शन निवडायला बसूच नका. आपल्या उदाहरणात भिंत x = 3.5 वर आहे, रोबोटची अर्धी रुंदी २० सेंमी आणि वळायची किमान त्रिज्या ३५ सेंमी.

वळणाच्या मध्यावर वाट ३ मीटरच्या रेषेबाहेर `0.375 * (1 - c)` मीटर जाते. म्हणजे c = 0 ला ३७.५ सेंमी. जागा आहे फक्त ३० सेंमीची, त्यामुळे कोपरा भिंतीला घासणार. c = 0.2 ला बरोबर ३० सेंमी होतात. इथे सगळ्यांना वाटतं, टेन्शन अजून वाढवू, भिंतीपासून आणखी लांब राहू. पण टेन्शन वाढवलं की बाहेरचा फुगवटा कमी होतो आणि वळण बिंदूपाशी गोळा होतं. c = 0.2 ला सर्वांत घट्ट वळण सुमारे ३७ सेंमी त्रिज्येचं आहे, c = 0.33 ला दुसऱ्या बिंदूपाशी ते २५ वर येतं आणि चाकं तिथे वळूच शकत नाहीत. मोकळीक उरते ती ०.२ पासून ०.२२ च्या आसपासपर्यंत. एवढ्याशा फटीवर विसंबू नये. (3,0) आणि (3,1) हे दोन बिंदू दहा सेंमी अलीकडे सरकवून हिशोब पुन्हा करावा.

आणखी एक तपासणी: (3,0) च्या आधी वाट किंचित उलट्या बाजूला झुकते, c = 0.2 ला सुमारे ६ सेंमी. त्या बाजूच्या रॅकपाशी तेवढी जागा हवी.

शेवटी वेग. दोन बिंदूंमधल्या प्रत्येक तुकड्यावर ० पासून १ पर्यंत जाणारा आकडा म्हणजे t. तो समान पावलांनी वाढवला तर लांब तुकड्याच्या मध्यावर वेग वळणाच्या मध्यापेक्षा पावणेतीनपट होतो. ॲनिमेशनमध्ये ते डोळ्यांना खटकतं, रोबोटमध्ये चाकं घसरतात. म्हणून वक्राची लांबी मोजून तिच्या समान अंतरांवर बिंदू काढा आणि वेग स्वतंत्रपणे ठरवा.