जोडीदार आधीच्या नात्याचे दाखले देत असेल, तर त्याचा अर्थ कसा लावावा

"तिला बरं जमायचं हे," असे वाक्य घरात वरचेवर ऐकू येऊ लागले की ऐकणाऱ्याचे मन थेट एकाच प्रश्नापाशी जाऊन थांबते: याचा जीव अजून तिच्यातच अडकला आहे का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर शोधण्यात महिने जातात आणि हाती काही लागत नाही. नाव कोणाचे घेतले गेले यापेक्षा ते कोणत्या गोष्टीवरून घेतले गेले आणि त्याला जोडून पुढचे वाक्य कोणते आले, हे पाहिल्यास बरेच अधिक कळते.

जॉन थिबो आणि हॅरोल्ड केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते माणूस आपले नाते दोन वेगवेगळ्या मापांनी मोजतो. आपल्याला नात्यात निदान इतके तरी मिळायला हवे, ही अपेक्षा म्हणजे पहिले माप. ते आधीच्या अनुभवांतून आणि आजूबाजूच्या जोडप्यांकडे पाहून तयार होते आणि माणूस समाधानी आहे की नाही हे त्यावर ठरते. हे नाते सोडले तर बाहेर काय मिळेल, हा अंदाज म्हणजे दुसरे माप. माणूस नात्यात टिकतो की नाही हे बरेचसे त्यावर अवलंबून असते. पहिल्या मापातून निघालेली तुलना ही तक्रार असते, तर दुसऱ्या मापातून निघालेली तुलना ही धमकी असते, आणि दोन्हींत नाव मात्र त्याच आधीच्या व्यक्तीचे असू शकते.

पहिली पायरी: तीन आठवडे नोंद ठेवावी

प्रत्येक उल्लेखासाठी तीनच गोष्टी लिहाव्यात: त्याआधी तासाभरात काय घडले होते, तुलना नेमकी कोणत्या गोष्टीची होती आणि पुढचे वाक्य काय होते. "टोमणा मारला", "मुद्दाम बोलला" असे शब्द नोंदीत येऊ देऊ नयेत, कारण तो निष्कर्ष झाला आणि निष्कर्ष काढण्याची वेळ अजून आलेली नसते. विषय कोणी काढला हेही लिहावे. आधीच्या नात्याबद्दल आपणच खोदून खोदून विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावर दुखावून घ्यायचे, असे पुष्कळदा घडते. नोंदींतील अर्धे उल्लेख आपल्या प्रश्नांमुळे आलेले निघाले, तर आधी प्रश्न थांबवून पाहावेत. घटस्फोटानंतर मुलांच्या शाळेसाठी किंवा सुट्ट्यांसाठी आधीच्या जोडीदाराशी बोलावेच लागत असेल, तर ते उल्लेख या हिशेबात धरू नयेत.

दुसरी पायरी: नोंदींची वर्गवारी करावी

उदाहरणासाठी मुलुंडमध्ये राहणारे, दीड वर्षापूर्वी लग्न झालेले एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. तिची नोकरी लोअर परळला आहे आणि दादरला गाडी बदलून घरी पोहोचायला तिला अनेकदा रात्रीचे साडेनऊ होतात. तीन आठवड्यांत तिच्याकडे नऊ नोंदी जमल्या.

एक नोंद माटुंग्याची होती. रुईयाच्या नाक्यावरून जाताना तो म्हणाला, "कॉलेजात असताना आम्ही इथंच पडीक असायचो," आणि पुढच्याच वाक्यात त्याने पार्किंग कुठे मिळेल ते विचारले. येथे तुलनाही नाही आणि मागणीही नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला प्रत्येक स्टेशनाबाहेर कोणी ना कोणी आठवते, आणि अशी नोंद निर्धास्तपणे खोडून टाकावी.

सहा नोंदी ती उशिरा आलेल्या दिवसांच्या होत्या. शब्द थोडेफार बदलत, पण गोष्ट तीच असे: "ती कितीही उशीर झाला तरी कळवायची." तुलनेचा विषय बदलत नाही, ही येथील महत्त्वाची खूण आहे. आज कळवण्यावरून, उद्या स्वयंपाकावरून, परवा वजनावरून अशी ती फिरत राहिली असती, तर एखादी विशिष्ट गरज अपुरी राहिली आहे असे म्हणता आले नसते. तेव्हा समोरच्याला सतत कमी ठरवणे हाच हेतू असण्याची शक्यता वाढली असती. "माझ्यासाठी थांबलेल्या पुष्कळ होत्या" असे पुढचे वाक्य आले असते, तर ते दुसऱ्या मापाचे बोलणे ठरले असते. या सहा नोंदींत तसे काहीच नव्हते.

उरलेल्या दोन नोंदी मित्रांसमोरच्या होत्या, आणि त्यांत तुलना आधीच्या मैत्रिणीशी नव्हे, तर वहिनीशी होती. सगळे जेवायला बसलेले असताना "हिच्यापेक्षा आमची वहिनी बरी, निदान हसते तरी" असे तो म्हणाला आणि सगळे हसले. येथे कोणतीही गरज व्यक्त झालेली नाही; येथे आहे तो केवळ प्रेक्षकवर्ग.

तिसरी पायरी: नाव बाजूला ठेवून गरजेबद्दल बोलावे

उल्लेख झाला त्याच क्षणी बोलू नये, आणि पातळ भिंतीच्या घरात सासूसासऱ्यांच्या कानावर जाईल असेही बोलू नये. आपल्याकडे अशा बोलण्यासाठी तलावपाळी किंवा शिवाजी पार्कचा कट्टा घरापेक्षा सोयीचा ठरतो, कारण शेजारी शेजारी बसले की एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती राहत नाही. तिने "तू सारखं तिचं नाव का घेतोस?" अशी सुरुवात केली असती, तर त्याने "सारखं कुठे?" म्हणून वाद घातला असता. त्याऐवजी ती म्हणाली, "मंगळवारी मला उशीर झाला तेव्हा तू जेवायचा थांबला होतास का?" तो थांबला होता, तीनदा आमटी गरम केली होती आणि फोन करावा तर मीटिंगमध्ये असेल म्हणून केला नव्हता. दादरला गाडीत चढताना तिने मेसेज करायचा, एवढेच ठरले. त्यानंतरच तिने आपली बाजू मांडली: "मला काय हवं ते सरळ सांग, दुसऱ्या कुणाचं उदाहरण देऊ नकोस."

चौथी पायरी: पुन्हा तीन आठवडे पाहावे

गरजेपोटी होणारे उल्लेख गरज भागल्यावर कमी होतात. येथे सहाचा एक झाला. गरज भागूनही तुलना नव्या विषयावर सरकली, तर पहिला अंदाज चुकला असे समजावे. एकदा स्पष्ट सांगूनही कोणी जाणूनबुजून त्याच जागी बोट ठेवू लागला, त्यासोबत फोन तपासणे, पैशांवर बंधने घालणे किंवा मैत्रिणींशी संबंध तोडायला लावणे आले, तर तो प्रश्न संवादाने सुटण्यातला उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षण कायद्यात अपमान आणि उपहास यांचा शाब्दिक व भावनिक छळात समावेश आहे, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते.

मित्रांसमोरच्या थट्टेला मात्र दादरच्या मेसेजने काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. पुढच्या खेपेला वहिनीचा विषय निघताच तिने आवाज न चढवता सगळ्यांसमोर सांगितले, "ही तुलना मला आवडत नाही." टेबलावर क्षणभर शांतता पसरली. रिक्षात तो म्हणाला की तिने त्याची लाज काढली, आणि दोन दिवस घुमा राहिला. या दोन दिवसांवरून निर्णय करू नये, कारण चारचौघांत टोकल्यावर बहुतेक माणसे रुसतात. रुसवा गेल्यावर त्याच मित्रांमध्ये बसल्यावर तो काय बोलतो, ही तिच्या वहीतली पुढची नोंद असेल.