नवीन आलात, एअर फ्रायर घेतलात: आता चिकनच्या तंगड्या

परदेशात नव्याने घर मांडणारे बरेच जण सुरुवातीलाच एअर फ्रायर घेतात आणि त्यात पहिल्यांदा चिकनच्या तंगड्याच टाकतात. बाहेरून खमंग आणि हाडाजवळ कच्ची, अशी तंगडी मग ताटात येते.

आधी मशीन सेल्सियस दाखवतं की फॅरेनहाइट ते बघा. आपल्याला हवं आहे 200 सेल्सियस, म्हणजे जवळपास 400 फॅरेनहाइट. फॅरेनहाइटच्या मशीनवर 200 लावलंत तर आत जेमतेम 93 सेल्सियस राहतं आणि अर्ध्या तासानंतरही तंगडी पांढरीफटक, रबरासारखी असते. ही चूक इतक्यांकडून होते की पहिल्यांदा हेच विचारावं लागतं.

समजा, प्रत्येकी साधारण 120 ग्रॅमच्या सहा तंगड्या आहेत. त्या कागदाने टिपून पूर्ण कोरड्या करा, कारण पाणी उडून जाईपर्यंत कातडी कुरकुरीत होत नाही. धुवायच्या भानगडीत पडू नका, सिंकभर जंतू उडतात. चमचाभर तेल, मीठ, मसाला चोळा. मध किंवा साखर असलेला लेप शेवटच्या पाच मिनिटांत लावा, नाहीतर आधीच करपतो आणि धुराचा अलार्म वाजतो.

तंगड्या जाळीवर एका थरात, मधे बोटभर जागा सोडून ठेवा. मावत नसतील तर दोन खेपा करा. एकावर एक रचण्याची आपल्या मंडळींना भारी हौस, पण जिथे गरम वारा लागत नाही तिथे मांस नुसतं वाफवतं. बारा मिनिटांनी चिमट्याने प्रत्येक तंगडी उलटा. नुसती बास्केट हलवली तर तंगड्या घरंगळून पुन्हा त्याच कुशीवर पडतात. मग आणखी दहा मिनिटं.

आता तपासणी, आणि इथे घाई नको. टोचायचा थर्मामीटर सर्वांत जाड तंगडीच्या गुबगुबीत भागात आडवा घाला. टोक हाडाला टेकलं की किंचित मागे घ्या, कारण टेकलेलं असताना दिसतो तो हाडाचा आकडा, मांसाचा नव्हे. आकडा स्थिर होऊ द्या. दुसऱ्या बाजूनेही एकदा टोचा आणि सर्वांत कमी आलेला आकडाच खरा धरा. 74 सेल्सियस ही सुरक्षिततेची किमान पायरी. तंगडीत चिवट धागे जास्त असतात, म्हणून 74 ला ती खाण्याजोगी असली तरी चामट लागते. 80 ते 85 वर तेच धागे विरघळून मांस हाडावरून सुटतं. पहिल्यांदा 68 दिसलं तर परत ठेवा, चार मिनिटांनी पुन्हा टोचा.

सुरीने चिरून रंग बघण्यावर विसंबू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही हाडालगत लालसर दिसतं, आणि उलट कधी पांढरं झालेलं मांसही 74 च्या खालीच असतं.

गोठलेल्या तंगड्या फ्रिजमध्ये रात्रभर सुटू द्या. मध्यभागी बर्फ असेल तर वरची वेळ लागू नाही.