‘असंख्य सभासद उपस्थित होते’: इतिवृत्त लिहिताना या चुका टाळा

समजा, आपल्या गृहनिर्माण संस्थेचे 180 सभासद आहेत. वार्षिक सभेला 64 जण आले आणि ठरावाच्या बाजूने 41 हात वर झाले. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘असंख्य सभासद उपस्थित होते व बहुसंख्य सभासदांनी ठराव मंजूर केला.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत.

असंख्य म्हणजे ज्याची संख्या सांगता येत नाही ते. वाळूचे कण असंख्य. पण सभेच्या हजेरीवहीत 64 सह्या आहेत, म्हणजे मोजणी झालेली आहे. अगणितचंही तेच. इथे शेकडोही चालणार नाही, कारण त्यासाठी निदान दोनतीनशे माणसं हवीत. अनेक मात्र बसतं. न आणि एक मिळून अनेक झालं, तेव्हा व्युत्पत्तीने दोनही अनेकच. पण दोघातिघांना कुणी अनेक म्हणत नाही, दोनतीन म्हणतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण तिच्यावरून भांडणं होतात. बहुसंख्य हा शब्द नुसता ‘खूप’ सांगत नाही, तो वाटा सांगतो: एखाद्या समूहातले निम्म्याहून अधिक. म्हणून आधी समूह कोणता ते ठरवा. 64 पैकी 41 बहुसंख्य आहेत, 180 पैकी 41 नाहीत. त्यासाठी किमान 91 लागतील. ‘उपस्थितांपैकी बहुसंख्य’ एवढं लिहिलं की वाक्य खरं होतं. त्याहून बरं म्हणजे सरळ ‘64 पैकी 41’ लिहावं. आकडा हाताशी असताना मोघम शब्द कशाला?

बरेच वापरताना अपेक्षा तपासा. गेल्या वर्षी 30 आले असतील, तर 64 बरेच; 100 आले असतील, तर तेच 64 कमी. कित्येकमध्ये बोलणाऱ्याचं आश्चर्य किंवा हळहळ असते (‘कित्येकदा सांगितलं!’), म्हणून तो इतिवृत्तात नको. विविध तर संख्या सांगतच नाही, प्रकार सांगतो. पाणीगळतीच्याच 12 तक्रारी आल्या असतील, तर त्या अनेक आहेत, विविध नाहीत.

नकारात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘अनेक जण आले नाहीत’ आणि ‘फारसे जण आले नाहीत’ ही वाक्यं सारखी वाटतात, पण पहिलं न आलेल्यांविषयी आहे, दुसरं आलेल्यांविषयी. आपल्या सभेत 116 जण गैरहजर, म्हणून दोन्ही खरी ठरतात. पण 150 आले असते, तर? 30 जण आले नाहीत, म्हणून पहिलं वाक्य तरीही खरं. दुसरं मात्र साफ खोटं. शंका आली की वाक्यानंतर ‘म्हणजे किती आले?’ असं विचारून पाहा. उत्तर ‘थोडेच’ असेल तरच फारसे लिहा.