पुढील तारखेच्या चेकची नोंद कशी करावी

ग्राहकाने पुढची तारीख घातलेला चेक दिला की तो मिळालेल्या दिवशीच बँक खात्याला नावे टाकण्याची चूक सर्रास होते. तारीख उजाडेपर्यंत तो चेक बँकेत भरता येत नाही, त्यामुळे वहीतील बँक शिल्लक तेवढ्या रकमेने फुगते. बँक जुळवणी करताना तोच चेक महिनोन्‌महिने ‘भरलेला पण न वटलेला’ म्हणून दिसत राहिला, तर ही चूक झाली आहे असे समजावे.

समजा, ग्राहकाकडून ६०,००० येणे आहे आणि त्याने १२ जून रोजी दोन चेक दिले: २५,००० चा २० जुलैचा आणि ३५,००० चा २० ऑगस्टचा. चेक हाती येताच नोंदवहीत त्याचा क्रमांक, बँक, तारीख आणि रक्कम लिहावी, चेक तारखेच्या क्रमाने कुलपात ठेवावेत आणि त्याच दिवशी पुढील नोंद करावी:

हाती असलेले पुढील तारखेचे चेक खाते नावे ६०,०००
ग्राहकाचे खाते जमा ६०,०००

या नोंदीनंतर ग्राहकाच्या खात्यावर शून्य शिल्लक दिसते, पण पैसे अजून मिळालेले नसतात. म्हणून त्याला आणखी उधारी द्यायची की नाही हे ठरवताना हाती असलेल्या चेकची रक्कमही त्याच्याकडील येणे म्हणूनच धरावी. (काही जण चेक मिळाल्यावर फक्त नोंदवहीत लिहितात आणि जमाखर्च चेक भरतानाच करतात, चेक थोडे असतील तर तेही चालते, मात्र दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.)

२० जुलै रोजी पहिला चेक बँकेत भरल्यावर अशी नोंद होते:

बँक खाते नावे २५,०००
हाती असलेले पुढील तारखेचे चेक खाते जमा २५,०००

त्या दिवशी बँकेला सुट्टी असेल आणि चेक २१ तारखेला भरला, तर नोंदही २१ तारखेचीच करावी. आता चेक खात्यावर ३५,००० उरतात. महिनाअखेरीस कुलपातील चेक प्रत्यक्ष मोजून त्यांची बेरीज या शिलकेशी ताडून पाहावी. कुलपातील बेरीज कमी भरली, तर एखादा चेक हरवला आहे किंवा भरूनही त्याची नोंद राहिली आहे.

दुसरा चेक ऑगस्टमध्ये भरल्यानंतर न वटता परत आला, तर ती रक्कम पुन्हा चेक खात्यात टाकू नये, कारण तो चेक आता तारखेची वाट पाहणारा राहिलेला नाही. ग्राहकाचे खाते नावे ३५,००० आणि बँक खाते जमा ३५,००० अशी नोंद करावी, म्हणजे येणे पुन्हा ग्राहकाच्या नावावर दिसू लागते. बँकेने कापलेले शुल्क ग्राहकाकडून वसूल करायचे ठरले असेल, तर तेही वेगळ्या नोंदीने त्याच्याच नावे टाकावे.