ऊसबिलाची बातमी आणि पोर्टलचा मालक

आमच्याकडे दर निवडणुकीआधी नवी न्यूज पोर्टल उगवतात. लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, कुठलाही जिल्हा घ्या. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून आलेली मुलं विचारतात, "सर, हे पोर्टल कुणाचं?" आणि डेस्कवरचं कुणीतरी एका पक्षाचं नाव ठोकून देतं. मी मात्र त्यांना आधी कागद काढायला लावतो, आणि कागद हातात आल्यावरच बातम्या वाचायला सांगतो.

सुरुवात पोर्टलच्या अगदी तळापासून करा. पोर्टल कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक मुखपृष्ठावर देणं नियमाने बंधनकारक आहे. तो साधारण असा दिसतो (शेवटचे शून्य मी मुद्दाम घातलेत):

```
U22120MH2016PTC000000
```

पहिलं अक्षर U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. MH म्हणजे महाराष्ट्र, २०१६ हे स्थापनेचं वर्ष आणि PTC म्हणजे खासगी कंपनी. PTC च्या जागी NPL असेल तर ती ना-नफा कंपनी असते. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर टाकला की संचालकांची नावं मिळतात. शंभर रुपये शुल्क भरलं की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रंही उघडता येतात. त्यातलं वार्षिक विवरणपत्र आणि भागधारकांची यादी शोधा. संचालक म्हणून संपादकाचं नाव असतं आणि शेअर भलत्याच्याच नावावर असतात, हे आमच्या भागात नेहमीचं आहे.

एका जिल्ह्यातल्या पोर्टलचं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. त्याचे दोन संचालक. एक संपादक, त्याच्याकडे नावापुरते शेअर. बाकीचे जवळपास सगळे दुसऱ्याकडे, आणि त्या दुसऱ्याचं आडनाव देशमुख. मराठवाड्यात नुसत्या देशमुखावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून नावावर जाऊ नका, डीआयएन बघा. प्रत्येक संचालकाचा हा आठ अंकी क्रमांक असतो आणि तो कंपनीगणिक बदलत नाही. त्या क्रमांकावरून हा माणूस एका खासगी साखर कारखान्याचाही संचालक निघाला. मग त्या भागातल्या एका आमदाराचं निवडणूक शपथपत्र affidavit.eci.gov.in वर उघडलं. शपथपत्रात उमेदवाराबरोबर पत्नी आणि अवलंबितांच्या गुंतवणुकीही लिहाव्या लागतात. त्याच कारखान्याचे शेअर आमदारांच्या पत्नीच्या नावावर होते.

कारखाना सहकारी असता तर हा रस्ता इथेच बंद झाला असता, कारण सहकारी कारखान्यांची नोंद सहकार खात्याकडे असते, कंपनी मंत्रालयाकडे नाही. तेव्हा सभासदाच्या घरी जायचं. सर्वसाधारण सभेआधी वाटलेला वार्षिक अहवाल कुठल्यातरी फडताळात असतोच. त्यात संचालक मंडळाची यादी असते, आणि खर्चाच्या पानावर जाहिरातीचा आकडाही बहुधा सापडतो. पैसा कोणत्या पोर्टलला गेला हे मात्र त्यावरून कळत नाही.

एवढं हाती आल्यावर मुलं लगेच निकाल देतात, "म्हणजे हे आमदाराचं पोर्टल." असेलही. पण मालकी कळल्याने फक्त कुठे बघायचं ते कळतं. तिथे काय दिसतं, ते बातम्या वाचल्यावरच ठरवायचं.

या पोर्टलसाठी बघायची जागा उघड होती, ऊसबिल. ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने, पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखान्याने थकवलं तर पुण्याचं साखर आयुक्तालय आरआरसी काढतं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना महसुली थकबाकीसारखी वसुली करायला सांगतं. असा आदेश निघतो तेव्हा कारखान्याचं नाव, रक्कम आणि तारीख सरकारी कागदावर असते. पोर्टलचं वागणं मोजायला याहून सरळ माप मला तरी सापडलेलं नाही.

आम्ही एका हंगामातले आरआरसीचे आदेश समोर ठेवले आणि प्रत्येक कारखान्याच्या नावाने पोर्टलवर शोध घेतला. शेजारच्या कारखान्यांच्या बातम्या रकमेसकट होत्या, एकीत तर शेतकऱ्यांच्या ठिय्याचा व्हिडिओही होता. संचालकांच्या कारखान्यावर आदेश निघाला त्या दिवशी बातमी आली, पण त्यात रक्कम नव्हती, आणि कारखान्याचं नाव "मराठवाड्यातील काही कारखाने" या शब्दांमागे गेलं होतं. दोन दिवसांनी त्याच कारखान्याच्या विक्रमी गाळपाची बातमी छायाचित्रासह झळकली. खोटं काहीच नव्हतं, एकही वाक्य कोर्टात नेता आलं नसतं. म्हणून नुसत्या छापलेल्या बातम्या वाचून अशा पोर्टलचा कल सापडत नाही. शेजारी सरकारी यादी लागतेच.

वार्ताहराला बातमी मिळालीच नसेल तर? ही शंका घ्यायलाच हवी. त्यासाठी त्या जिल्ह्यातल्याच, पण कारखान्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या माध्यमात तीच तारीख बघा. तिथे नाव आणि रक्कम दोन्ही आली होती. शिवाय असं एकदा झालं की निव्वळ योगायोग म्हणता येतो. त्या हंगामात ते पुन्हा झालं.

मग आम्ही पाणीपुरवठ्याच्या बातम्या काढल्या, आणि तिथे चित्र वेगळं निघालं. आमदारांच्याच पक्षाच्या ताब्यातल्या नगरपालिकेला या पोर्टलने चांगलंच धारेवर धरलं होतं, टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब मागितला होता. म्हणजे पोर्टल पक्षाचं नव्हतं, कारखान्याचं होतं. त्याच्या पाण्याच्या बातम्या मी आजही विश्वासाने वाचतो, उसाच्या दुसरीकडे ताडून घेतो.

कंपनीच नसेल तर काम अवघड होतं. पोर्टल एकाच माणसाच्या नावावर असेल, तर कंपनी मंत्रालयाकडे काहीच सापडत नाही. तेव्हा पोर्टलच्या पत्त्यापुढे /ads.txt लावून बघा. गुगलच्या जाहिराती घेणाऱ्या बऱ्याच पोर्टलवर अशी ओळ दिसते:

```
google.com, pub-0000000000000000, DIRECT, f08c47fec0942fa0
```

शेवटचा भाग सगळीकडे सारखाच असतो, तो सोडून द्या. pub नंतरचे अंक दोन पोर्टलवर तेच असतील आणि पुढे DIRECT असेल, तर दोन्हीकडच्या जाहिरातींचा पैसा एकाच खात्यात जमा होतो. एकमेकांवर तुटून पडणारी दोन पोर्टल अशी एका खात्यावर निघू शकतात. अर्थात खातं पोर्टल सांभाळणाऱ्या एजन्सीचंही असू शकतं, म्हणून हा धागा समजा, पुरावा नव्हे.

आणि जो पैसा कुठल्याच कागदावर येत नाही त्याचं काय? वाढदिवसाच्या शुभेच्छा तरी जाहिरात म्हणून दिसतात. निवडणुकीतलं 'पॅकेज' बातमीच्या वेषात येतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून लढणाऱ्या तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवलं होतं. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं. २०१४ मध्ये आयोगाने चव्हाणांच्या खर्चाच्या हिशेबाविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयात पैसे दिल्याचं सिद्ध करणं किती कठीण असतं, ते यावरून दिसतं. वाचकाच्या हातात मात्र सारखा मजकूर पकडणं आहे. संशयास्पद बातमीतलं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधा. तेच वाक्य दुसऱ्या नावाने दुसरीकडे निघालं, तर ते लिहिणारा त्या दोन्ही वार्ताहरांपैकी कुणी नसण्याची शक्यताच जास्त.