दीड वर्षाच्या बाळाला कप, वाट्या आणि शेप सॉर्टर कसे द्यावेत

तिन्ही खेळणी एकदम पुढ्यात टाकली की या वयाचं बाळ फेकाफेकीपलीकडे फारसं जात नाही. एका वेळी एकच द्या, आणि त्यातलेही थोडेच तुकडे.

१. आधी स्टॅकिंग कप. संचातले मोठे चारच घ्या आणि गादीवर नाही, तर फरशीवर उपडे मांडा. इथे अवघड असतं ते कप सोडणं. बोटं अलगद उघडली नाहीत तर कप हाताबरोबर सरकतो आणि खालचाही पडतो. सुरुवातीला तुम्ही रचा, त्याला पाडू द्या. दोन-तीन कप एकावर एक राहिले तरी या वयाला ते ठीकच आहे.

२. मग एकात एक बसणाऱ्या वाट्या. घरातल्या जेवणाच्या वाट्या एकाच मापाच्या असतात, त्या एकमेकींत अडकून बसतात. त्यापेक्षा स्टीलचे लहान-मोठे डबे झाकणं काढून द्या. कडा धारदार नाहीत ना, हे बोट फिरवून पाहा. आधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, एवढे दोनच. ते जमलं की मधला द्या. मधला डबा एकापेक्षा मोठा आणि दुसऱ्यापेक्षा लहान असतो, आणि हेच बाळाला उमगायला वेळ लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कपांवर केलेल्या अभ्यासात हाच क्रम दिसला: लहान मुलं आधी फक्त जोडी लावतात, पुढे एकाच मोठ्या कपात एकेक टाकत जातात, आणि बऱ्याच नंतर आधीच बसवलेली जोडी उचलून तिसऱ्यात ठेवतात. त्यामुळे चुकीचा डबा वर अडकला तर लगेच हात घालू नका. तो बसत नाही, हे डबाच दाखवतो.

३. शेप सॉर्टर, म्हणजे वेगवेगळ्या आकारांची भोकं आणि त्यांत बसणारे ठोकळे असलेला डबा, शेवटी. बाकीची भोकं कागदी टेपने झाका, फक्त गोल उघडं ठेवा. गोल ठोकळा कसाही फिरवला तरी आत जातो. चौकोन चारच प्रकारे बसतो, तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण तीन प्रकारे, म्हणून याच क्रमाने एकेक भोक उघडा. दीड वर्षाचं बाळ बहुधा योग्य भोकापाशी ठोकळा नेतं, पण फिरवत नाही, नुसतं दाबतं. आकार कळला नाही असा त्याचा अर्थ नव्हे. ठोकळा भोकाशी नेण्याआधीच वळवायची समज पुढच्या काही महिन्यांत येते. अशा वेळी ठोकळा त्याच्याच हातात राहू द्या आणि डबा तुम्ही थोडा फिरवा. झाकण उघडून सगळे ठोकळे आत ओतले, तर तेही चालेल, ही युक्ती त्याची स्वतःची आहे.

तोंडात पूर्ण मावेल असा कप किंवा ठोकळा मात्र संचातून काढूनच टाका. प्लॅस्टिकच्या कपाच्या तळाला भोकं असलेली बरी. बिनभोकाचा कप नाका-तोंडावर हवेच्या ओढीने चिकटू शकतो.